आधी साखर, मग ऊब

काका, नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. घाटीगावच्या रस्त्यावर आमचं थोडं शेत आहे, तिथे अकरा शेळ्या आहेत. गेल्या मंगळवारी मध्यरात्रीनंतर एक व्याली, दोन करडं झाली. सकाळी राखणदाराचा फोन आला, शेळी मरून पडलीय, एक करडू उभं आहे आणि एक गार पडलंय. आम्ही नऊला पोचलो. सासूबाईंनी त्याला शेगडीजवळ घेतलं, मी चमच्याने कोमट दूध पाजलं. जरा हललं, आम्हाला वाटलं वाचलं. मग एकाएकी मान मागे टाकली, पाय झाडले आणि गेलं. आमचं काय चुकलं? दुसरं करडू बाटलीवर आहे. एका शेळीला एकच करडू आहे, दूधही भरपूर, पण ती याला ढुशा मारते. आणखी एक शेळी आठवड्याभरात व्यायची आहे. याला आई मिळेल का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

ताई,

मान मागे टाकणं आणि पाय झाडणं, तेही अंगात थोडी ऊब आल्यावर, हे तुम्ही नीट पाहिलंत आणि लिहिलंत म्हणून मला उत्तर देता येतंय. थंडीने जाणारं करडू असं जात नाही. ते हळूहळू मंद होतं, ओरडणं थांबतं, मान पोटाशी वळवून पडून राहतं आणि गुपचूप संपतं. झटके येतात ते रक्तातली साखर संपली म्हणजे. तुमच्या करडाला थंडीने अर्धमेलं केलं होतं हे खरं, पण शेवटचा घाव साखरेचा होता, आणि तो शेगडीपाशी बसला. सासूबाईंना हे सांगताना जपून सांगा. थंड जीव दिसला की ऊब द्यावी हे कुणालाही सुचतं, आणि निम्म्या वेळा ते बरोबरही असतं. ते कुठल्या वेळा बरोबर नसतं, तेवढं समजून घेऊ.

करडू किंवा कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या मूत्रपिंडांभोवती आणि खांद्यांच्या आसपास तपकिरी रंगाची एक चरबी असते. ही चरबी जाळून ते स्वतःला गरम ठेवतं. यकृतात थोडी साखरही साठवलेली असते. हा शिधा साधारण पाच तासांचा. तेवढ्यात पोटात चीक गेला तर पुढची सोय झाली. नाही गेला, आणि वरून ग्वाल्हेरची जानेवारीची रात्र असली, तर शिधा त्याच्याही आधी संपतो. मग अंग गार पडत जातं. गंमत अशी, की गार पडलेल्या अंगाला आणि मेंदूला साखर कमी लागते, म्हणून ते करडू तशा अवस्थेत बराच वेळ धुगधुगत राहू शकतं. तुम्ही त्याला ऊब दिलीत की मेंदू जागा होतो आणि साखर मागतो. रक्तात ती नसते. त्या मागणीतच झटके येतात.

म्हणून गार करडू हातात आलं की पहिला प्रश्न ‘व्यायली कधी?’ हा आहे. पाच तासांच्या आतलं असेल, तर ते बहुतेक ओलं राहिल्यामुळे गारठलं आहे. त्याच्याकडे शिधा आहे, फक्त बाहेर जाणारी ऊब थांबवायला हवी. पाच तास उलटून गेले असतील, तर ते उपाशी राहून गारठलं आहे. त्याला ऊब देण्याआधी साखर द्यावी लागते. तुमचं करडू मध्यरात्रीनंतरचं आणि तुम्ही नऊला पोचलात, म्हणजे सात-आठ तास झाले होते. ते दुसऱ्या गटातलं होतं आणि त्याला उपचार मिळाला पहिल्या गटाचा.

दुसरा प्रश्न ताप किती, आणि त्याला हाताचा अंदाज चालत नाही. करडाचं नेहमीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, १०२ ते १०४ फॅरनहाइट. आपलं ९८.६. म्हणजे तुमच्या तळहाताला जे करडू ‘ठीक आहे, कोमट आहे’ असं वाटतं, ते प्रत्यक्षात चार अंश उतरलेलं असतं. औषधाच्या दुकानात मिळणारं साधं डिजिटल थर्मामीटर गोठ्यात ठेवा, फक्त गोठ्यासाठी, आणि ते टोकाला तेल लावून गुदद्वारात इंचभर घालून बघा. एक सूचना: यातली बरीच थर्मामीटरं ९० च्या खाली आकडा दाखवत नाहीत, नुसतं Lo असं लिहून येतं. ते आलं म्हणजे बिघडलं असं समजून बाजूला ठेवू नका. ते करडू फार खाली गेलं आहे असा त्याचा अर्थ.

आकडा ९९ ते १०२ च्या मध्ये असेल तर घाबरण्यासारखं नाही. कोरडं पुसा, चीक पाजा, आईजवळ ठेवा आणि अर्ध्या तासाने परत मोजा. आकडा ९९ च्या खाली असेल आणि वय पाच तासांच्या आत असेल, तर पुसून ऊब द्या, मग चीक. आकडा ९९ च्या खाली आणि वय पाच तासांच्या वर, असं असेल तर साखर, मग ऊब, मग चीक, याच क्रमाने. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

साखर कशी द्यायची, हे मी एका करडाची हकीकत सांगूनच सांगतो. मुरारच्या बाजूला एका घरी मला सकाळी आठला बोलावलं होतं. तिळं झालं होतं, त्यातलं सर्वांत लहान. रात्री दोनच्या सुमाराला जन्मलेलं, म्हणजे सहा तासांचं. तोंडात बोट घातलं तर जीभ थंड, चोखण्याची हालचालच नाही. मान उचलून सोडली की खाली पडायची. थर्मामीटर ९४.६. धान्याच्या काट्यावर ठेवलं तर बरोबर दोन किलो. घरातल्यांनी दूध गरम करून ठेवलं होतं, ते मी तसंच राहू दिलं.

अशा करडाला २० टक्के ताकदीचं ग्लुकोज पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने देतात, किलोला १० मिलि. दोन किलोला २० मिलि झालं. दुकानात डेक्स्ट्रोज या नावाने मिळतं, ते ग्लुकोजच. माझ्याकडे २५ टक्क्यांचं होतं, म्हणून १६ मिलि ते आणि ४ मिलि इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी असं एकाच पिचकारीत घेतलं आणि पिचकारी गरम पाण्याच्या तपेल्यात धरून अंगाएवढी कोमट केली. थंड द्रव पोटात सोडला तर उरलीसुरली ऊबही जाते. घरातल्या मुलाला करडू पुढच्या पायांना धरून सरळ लोंबतं धरायला सांगितलं. बेंबीच्या खाली एक इंच आणि बाजूला अर्धा इंच, तिथे आयोडीन लावलं आणि इंचभर लांबीची सुई शेपटीच्या रोखाने तिरकी घातली. तिरकी अशासाठी, की सरळ आत घातली तर आतड्याला किंवा मूत्राशयाला लागू शकते.

हे वाचून तुम्ही लगेच सुई हातात घ्यावी असं मला म्हणायचं नाही. तुमच्या भागातल्या पशुवैद्यांकडून एकदा हाताला हात लावून शिकून घ्या. मध्य प्रदेशात १९६२ वर फोन केला की पशुवैद्यकीय गाडी येते. करडू गार सापडलं की पहिला फोन तिकडे करा, आणि फोनवरच सांगा की पाच तासांच्या वरचं आहे, पोटात ग्लुकोज द्यायचं आहे. गाडी यायला वेळ लागणार असेल तर करडाला पुसून कोरड्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्याबाहेर ठेवा, पण शेगडीजवळ नेऊ नका. हिरड्यांना बोटाने थोडं थोडं घट्ट ग्लुकोज चोळत राहता येतं. इंजेक्शनची सर त्याला नाही, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. मात्र ते चोळायचं, तोंडात ओतायचं नाही.

आता ऊब. मुरारच्या त्या घरी कोळशाची शेगडी पेटवलेली होती, खोलीचं दार लावलेलं. ती मी बाहेर काढायला लावली. बंद खोलीत कोळशाचा धूर माणसालाही मारतो. आणि शेगडीच्या बाजूची करडाची कातडी भाजते, उलट बाजू गारच राहते. आम्ही एक पुठ्ठ्याचं मोठं खोकं घेतलं, तळाला गोणपाट, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, मध्ये करडू, वरून अर्धं झाकण. आतली हवा १०० फॅरनहाइटच्या आसपास हवी, १०४ च्या वर नको. केसांचा ड्रायर असेल तर खोक्याच्या भोकातून त्याची हवा आत सोडता येते. काही जण करडू गरम पाण्यात बुडवून धरतात. त्याने ते लवकर तापतं, पण अंगावरचा जन्माचा वास धुऊन जातो आणि मग आईच त्याला ओळखत नाही. शेवटी वासाचा भाग येणार आहे, तेव्हा हे आठवा.

दर अर्ध्या तासाला मोजायचं. पहिल्या अर्ध्या तासाने ९७ झालं, तासाने ९९.८, दीड तासाने १०१. तिथे बाहेर काढलं. जास्त वेळ ठेवलं तर उलट बाजूने बिघडतं, करडू धापा टाकायला लागतं. दीड तासाला त्याने मान धरली आणि खोक्यात स्वतःहून पाय पोटाखाली घेऊन बसलं. मग चीक.

चमच्याबद्दल बोलायला हवं. ज्या करडाला गिळता येत नाही त्याच्या तोंडात दूध घातलं की ते सरळ श्वासनळीत जातं. नाकातून दुधाचा फेस येतो, छातीत घरघर होते, आणि त्या क्षणी वाचलं तरी दोन-तीन दिवसांत न्यूमोनियाने जातं. शिवाय ९९ च्या खाली आतडी जवळजवळ झोपलेलीच असतात, त्या पोटात गेलेलं दूध पचत नाही, साचून राहतं. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः एका कोकराला असंच चमच्याने पाजलं होतं. मेंढपाळाच्या बायकोने माझा हात धरला होता आणि म्हणाली होती, ‘याला गिळता येत नाहीये, साहेब.’ मी ऐकलं नाही. ते कोकरू माझ्या मांडीवर गेलं. तेव्हापासून मी आधी करंगळी तोंडात घालून बघतो. तोंड गरम आहे आणि ते करंगळी चोखतंय, तरच बाटली. मान धरतंय पण चोखत नाही, तर नळी. मान धरत नाही, तर काहीच नाही.

नळी म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारा १४ नंबरचा मऊ रबरी कॅथेटर आणि ६० मिलिची पिचकारी, दांडा काढून टाकलेली. करडाच्या नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी बाहेरून धरून बघायची आणि तिथे पेनाने खूण करायची. करडू मांडीवर, मान नेहमी असते तशी, वर ताणलेली नाही. ओली केलेली नळी तोंडाच्या कडेने जिभेवरून हळू सरकवायची, ते गिळत जातं तशी पुढे द्यायची. खुणेपर्यंत सहज गेली म्हणजे पोटात आहे. मध्येच अडली, करडू खोकलं, किंवा नळीचं बाहेरचं टोक गालाशी धरल्यावर श्वासाबरोबर हवा येताना जाणवली, तर ती श्वासनळीत आहे, बाहेर काढा आणि परत घाला. मग पिचकारी जोडून त्यात चीक ओता आणि आपोआप उतरू द्या. दोन-तीन मिनिटं लागतात. दांड्याने ढकलू नका. काढताना नळी चिमटीत दाबून काढा, नाहीतर शेवटचे थेंब घशात गळतात.

एका वेळी किलोला ५० मिलि. त्या दोन किलोच्या करडाला १०० मिलि दिला, आणि पहिल्या दिवसात सहा-सहा तासांनी असा चार वेळा. दुसऱ्या वेळेला त्याने नळी तोंडात येताच चोखायला सुरुवात केली, तेव्हा आईच्या सडाला लावलं. शेपटी हलली. घरातली सगळी माणसं तिथेच उभी होती.

हा चीक कोणाचा? आई असेल तर तिचाच. तुमच्यासारखी आई गेलेली असेल तर त्याच वेळी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा. गोठ्यातली एखादी शेळी एकच करडू देते आणि तिचा चीक उरतो, तो आपल्याकडे घरात जातो आणि त्याचा खरवस होतो. या हिवाळ्यात त्यातला अर्धा पेला बाजूला काढा, ताईसाहेब. छोट्या बाटल्यांत, एकीत १०० मिलि, तारीख लिहून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. लागेल तेव्हा बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून वितळवा. हात घालवेल इतपतच पाणी गरम. चुलीवर ठेवलात तर काय होतं ते तुमच्या स्वयंपाकघराला माहीतच आहे, तो घट्ट होतो. खरवस ज्याने घट्ट होतो तीच प्रथिनं करडाला रोगापासून राखतात, आणि एकदा घट्ट झाली की त्या कामाची राहत नाहीत. शेळीचा नसेल तर गाईचा चीक चालतो. ही प्रथिनं करडाच्या आतड्यातून रक्तात शिरतात ती पहिल्या दिवसातच, आणि त्यातही पहिले सहा तास सोन्याचे. पहिल्या दिवसानंतर चीक पाजला तर तो चांगलं अन्न आहे, संरक्षण नाही.

आता तुमचं दुसरं करडू. ढुशा मारणाऱ्या शेळीवर रागावू नका. शेळी आपलं पिल्लू वासाने ओळखते आणि तो वास ती व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच शिकते. कळा येतात, पिल्लू जन्मवाटेतून बाहेर येतं, त्या रेट्याने तिच्या मेंदूत एक दार उघडतं. त्या वेळी समोर जे ओलं, हुंगायला मिळेल ते तिचं. चाटता चाटता दार बंद होतं, आणि मग बाकीची सगळी परकी. पिल्लू प्यायला लागलं की ती मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगते, तुम्ही पाहिलं असेल. तिथे पटलं तर उभी राहते, नाही पटलं तर ढुशी.

म्हणून माझा भर तुमच्या व्यायच्या असलेल्या शेळीवर आहे. ती व्यायला लागेल तेव्हा अनाथ करडू जवळ आणून ठेवा. खाली स्वच्छ घमेलं धरून गर्भजल जितकं मिळेल तितकं गोळा करा. हे करताना हातमोजे घाला, कारण शेळीच्या वारेतून आणि पाण्यातून ब्रुसेलासारखे आजार माणसाला होतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिने गोठ्यात येऊच नये. आधी आलेलं करडू एकच आहे आणि मागे दुसरं नाही, याची खात्री करा. जुळं असेल तर दत्तक विसरा, तिला तिची दोन पुरेत.

एकच असेल तर अनाथ करडाला त्या पाण्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत माखा, शेपटीखाली जास्त. तुमचं करडू तेव्हा आठवड्याभराचं असेल, टणाटणा उड्या मारणारं. नवजात असं उड्या मारत नाही आणि शेळीला ते कळतं. त्याचे तीन पाय मऊ कापडाने सैलसर एकत्र बांधा म्हणजे ते धडपडेल, अर्धवट उठेल, पडेल, जन्मल्यासारखं. ते तिच्या नाकाशी आधी ठेवा, तिचं स्वतःचं दोन मिनिटांनी शेजारी. दोघांना एकमेकांवर घासा. ती खोल घशातून हुंकार द्यायला लागली आणि दोघांना चाटू लागली की पाय सोडा.

इथे एक धोका आहे. आठवड्याचं करडू जोरात चोखतं आणि नवजाताच्या वाट्याचा चीक पिऊन टाकतं. म्हणून मी त्याला आदल्या तासात बाटलीने पोटभर पाजून आणायला सांगतो. पहिल्या वेळी आपल्याला फक्त चाटणं हवं आहे, पिणं नको. नवजाताने चीक पोटभर प्यायल्यावर, पाच-सहा तासांनी, अनाथ भुकेलं होईल, तेव्हा त्याला सडाला लावा. दोघांनी तिचं दूध दोन-तीन दिवस प्यायलं की शेपटीखालचा वासही तिचाच होतो, मग ते पक्कं झालं.

तिचं करडू मेलेलं जन्मलं, तर एक जुना उपाय आहे. मेलेल्या करडाची कातडी, चार पायांची भोकं आणि शेपूट ठेवून, सदऱ्यासारखी अनाथाला चढवतात आणि दोन-तीन दिवसांनी काढतात. मेंढपाळ हे फार सराईतपणे करतात आणि शेळी-मेंढी दोघींत ते लागू पडतं. तुमच्या घरी हे जमणार नाही, आणि जमावं असा माझा आग्रह नाही. त्याऐवजी ओलं मेलेलं करडू आणि अनाथ करडू एकमेकांवर चांगलं रगडा, डोकं आणि शेपटी विसरू नका. यश थोडं कमी येतं, पण येतं. करडू गर्भपात होऊन आधीच पडलं असेल किंवा हगवणीने गेलं असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, रोग लागेल.

या शेळीचं जुळं निघालं तरच आता ढुशा मारते तिच्याकडे वळा. तिचं दार बंद झालं आहे, तेव्हा वासाने नाही, सवयीने जावं लागेल. आधी तिची कास दाबून बघा, दोन्ही सड मऊ, दूध स्वच्छ, गाठ किंवा कढतपणा नाही ना. मग दोन उभ्या बांबूंच्या मधून तिची मान पलीकडे काढून वरखाली दोऱ्या बांधा, अशा बेताने की तिला बसता-उठता येईल, पण वळून हुंगता येणार नाही. चारा आणि पाणी तोंडासमोर. दोन्ही करडं तिच्याजवळ मोकळी. चार-पाच दिवस लागतात, काही वेळा आठवडा. तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा मान सोडून, तुम्ही आडोशाला उभं राहून बघा. अनाथाचं पोट भरलेलं, तोंड गरम, पिताना शेपटी हलतेय, तर बरं चाललंय. ते कोपऱ्यात पाठ वाकवून उभं असेल, पोट खपाटीला, तर त्याला मिळत नाहीये, कितीही जवळ बांधलं असलं तरी. शेळी मोकळी असताना करडाला भिंतीशी दाबून मारू लागली तर त्याच दिवशी थांबवा. बरगडी मोडते.

आठ दिवसांत जमलं नाही तर बाटली चालू ठेवा, रोज वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं दूध, चार वेळांत वाटून. करडाला एकटं ठेवू नका, त्याच वयाच्या करडांत सोडा. आणि जी शेळी आता व्यायची आहे तिचे दिवस मोजलेले असतील, तर आदल्या दोन रात्री राखणदाराला तिथेच झोपायला सांगा. व्यायली ती वेळ त्याने भिंतीवर खडूने लिहावी. तुम्ही पोचाल तेव्हा मला पहिल्यांदा तेच विचारायचं असेल.